उलटी गेलेली तीन घरं: आठच्या पिनेचं प्रकरण

रविवारी सकाळी एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात बरणी, बरणीत पिना. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. हा मुलगा अकरावीला माझ्या वर्गात होता, आता कुपवाडच्या एमआयडीसीत मामांच्या लेथवर असतो. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि मालाची तपासणी याच्याकडे, एवढाच पसारा.

"सर, सहाशे पिना परत आल्या. आमच्या मापात बरोबर आहेत, त्यांच्या गेजमध्ये जात नाहीत. गेज चुकीचं असंल का?"

ड्रॉइंगवर पिनेचा व्यास ८.०० मिमी होता. सूट फक्त खालच्या बाजूला, ०.०५ ची. म्हणजे ७.९५ ते ८.०० यांत काहीही चालतं, ८.०० च्या वर काही चालत नाही. माल घेणारे गो-नो गो गेजने तपासतात. त्या गेजला आकडा नसतो. एका बाजूला पिन गेली पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला जाता कामा नये, इतकंच ते सांगतं. यांच्या पिना 'गो' बाजूलाच अडत होत्या, म्हणजे जाड होत्या. याच्या वहीत मात्र एकेका पिनेचं माप लिहिलेलं: ७.९६, ७.९५, ७.९७, ७.९६. अक्षर वर्गात होतं त्याहून चांगलं.

"नुसत्या एका मापावर आलास, का दुसऱ्या कशाने बघितलंस?"

तो जरा थांबला. व्हर्निअरनेही बघितलं होतं. त्यावर तीच पिन ८.०६ आली, म्हणून त्याने ते सोडून दिलं. कारण विचारलं तर म्हणाला, "व्हर्निअर ढोबळ आहे सर. पॉइंट झिरो टूचं. मायक्रोमीटर पॉइंट झिरो वनचं. मग जास्त बारीक कोण?"

मला विचाराल तर सगळं प्रकरण या उत्तरात होतं. लिस्ट काउंट म्हणजे उपकरण ज्या लहानात लहान पायरीने मोजतं ती पायरी. त्याच्या व्हर्निअरच्या सरकत्या पट्टीवर, मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरच्या लांबीत ५० घरं आखलेली आहेत. एक घर ०.९८ मिमीचं, म्हणजे मुख्य पट्टीच्या घरापेक्षा ०.०२ ने लहान, आणि हाच लिस्ट काउंट. मायक्रोमीटरचा स्क्रू एका फेऱ्यात ०.५ मिमी सरकतो आणि त्याच्यासोबत फिरणाऱ्या नळीवर, म्हणजे थिंबलवर, ५० घरं आहेत, म्हणून घरामागे ०.०१. (वर्गात आपण ज्याला स्क्रू गेज म्हणतो त्यालाच कारखान्यात मायक्रोमीटर म्हणतात, आणि वर्गातलं व्हर्निअर बहुधा ०.१ मिमीचं असतं. त्यामुळे मुलं कारखान्यात गेली की दोन्ही उपकरणं नवीन वाटतात.)

आता ८.०६ आणि ७.९६ यांत फरक ०.१० चा. व्हर्निअर ०.०२ च्या पायरीने चालतं, म्हणजे ते ढोबळपणामुळे चुकलं तरी एखादी पायरी चुकेल. इथे पाच पायऱ्यांचा फरक आहे. ढोबळपणाने इतकं अंतर पडत नाही. दोघांपैकी एकाचं, किंवा दोघांचंही, शून्य सरकलेलं असणार. बारीक पायरीने मोजणारं उपकरण चुकीच्या ठिकाणापासून मोजायला लागलं तर ते चुकीचं मापही तितक्याच बारकाईने सांगतं.

"मायक्रोमीटर बंद करून बघितलंस?"

"बघितलं की सर. तीन घरांची चूक आहे. तीच वजा करतोय मी रोज."

हे ऐकून मी चहा तसाच ठेवला आणि त्याच्या गाडीवर मागे बसलो.

कारखान्यात मामा होते. त्यांचं म्हणणं वेगळं. "मशीनवरनं गरम पिन काढून हा लगेच मोजतोय. उष्णतेनं लोखंड फुगतंयच की." हे तपासणं सोपं होतं. पोलाद अंशामागे मीटरला साधारण १२ मायक्रॉन वाढतं. पिन हवेपेक्षा ३० अंशांनी गरम धरली तरी ८ मिमीत वाढ तीन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे ०.००३ मिमी. मायक्रोमीटरच्या एका घराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. शिवाय गरम पिन मोजताना जाड दिसली असती आणि गार झाल्यावर बारीक झाली असती. आपली तक्रार नेमकी उलटी आहे. मामांना हे पटलं, पण त्यांनी मान डोलावली ती बऱ्याच वेळाने.

मग आम्ही उपकरणांकडे वळलो.

आधी व्हर्निअर. जबडे मिटून बघितलं तर व्हर्निअरचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्याच्या उजवीकडे, आणि तिसरी रेघ जुळलेली, म्हणजे ०.०६. मी खिशातला कागद जबड्यांत हलका पकडून ओढून काढला. त्यावर काळसर तेलाचा पट्टा आणि एक चमकणारा कण आला. पुन्हा मिटलं तर दुसरी रेघ जुळली, म्हणजे ०.०४. तीन वेळा उघडमीट केली, दर वेळी ०.०४ च.

इथे मी त्याला थांबवून पिन मोजायला सांगितली, कारण ही गोष्ट पुस्तकात सहसा येत नाही. पिन जबड्यांच्या मधोमध धरली तर ८.०६. मुख्य पट्टीवर आठची रेघ ओलांडलेली, व्हर्निअरची तिसरी रेघ जुळलेली. कण काढायच्या आधीही त्याला ८.०६ च आलं होतं. कारण कण होता जबड्याच्या टोकाशी. जबडे मिटताना तो आड येत होता, पिन मोजताना येत नव्हता. न पुसता ०.०६ ही शून्य त्रुटी, म्हणजे रिकामं उपकरण शून्याऐवजी दाखवतं ते वाचन, धरून वजा केली असती तर ८.०६ − ०.०६ = ८.००, आणि पिन पास! शून्य त्रुटी वजा करायचा अधिकार आपल्याला तेव्हाच आहे, जेव्हा तीच चूक रिकाम्या वाचनातही आहे आणि वस्तू धरलेल्या वाचनातही आहे. कचऱ्याची चूक अशी नसते, म्हणून आधी पुसायचं आणि मगच शून्य बघायचं.

उरलेले ०.०४ कचऱ्याचे नाहीत कशावरून? मिटलेले जबडे खिडकीकडे धरले. घासून गेलेला जबडा किंवा काठाला आलेला बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, असेल तर कुठेतरी उजेडाची फट दिसते. इथे वरपासून खालपर्यंत अंधार होता, म्हणजे जबडे नीट टेकत होते. सरकली होती ती व्हर्निअरची पट्टी. ती दोन बारक्या स्क्रूंवर बसवलेली होती आणि त्यांतला एक नखानेही हलत होता. ही चूक प्रत्येक मापात सारखी येणार. शून्य उजवीकडे, म्हणजे त्रुटी धन, +०.०४. दुरुस्त माप ८.०६ − ०.०४ = ८.०२.

आता मायक्रोमीटर. कागद ओढून दोन्ही तोंडं पुसली. मुलाने थिंबल मुठीत धरून करकचून बंद केलं आणि दाखवलं, "बघा, साडेशेहेचाळीसच्या आसपास." मी म्हटलं, "मूठ सोड, मागचा रॅचेट फिरव. टिक-टिक-टिक, बास." रॅचेटने ४७ वर थांबलं. पुन्हा केलं तरी ४७. मुठीने आवळलं की फ्रेम किंचित ताणली जाते आणि शून्य अर्ध्या घराने आणखी मागे गेल्यासारखा दिसतो. पिन मोजताना वेगळा जोर आणि शून्य बघताना वेगळा, असं असेल तर त्या दोन वाचनांची वजाबाकी करण्यात अर्थ नाही.

तर बंद केल्यावर स्लीव्हच्या, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या नळीच्या, आडव्या रेषेवर थिंबलची ४७ वी रेघ, आणि शून्याची रेघ त्या रेषेच्या वर गेलेली. मी त्याला थिंबल हळूहळू उघडायला सांगितलं. ४७, ४८, ४९, मग ०.

"शून्याला पोचायला तुला उघडायला लागलं का मिटायला?"

"उघडायला."

"म्हणजे तोंडं टेकली तेव्हा हे शून्याच्याही मागे होतं. शून्याच्या मागे तीन घरं म्हणजे किती?"

त्याने ओठ हलवून मोजलं आणि गप्प झाला. उत्तर उणे ०.०३. वहीत त्याने रोज "शून्य त्रुटी ३ घरं = ०.०३" असं लिहिलं होतं आणि मापातून ०.०३ वजा केले होते. 'शून्य त्रुटी वजा करायची' हा नियम त्याच्या चांगला लक्षात होता आणि नियम बरोबरच आहे. विसरलं होतं ते चिन्ह. वाचन ७.९९, त्रुटी −०.०३, म्हणून खरं माप:

७.९९ − (−०.०३) = ८.०२

त्याने केलं होतं ७.९९ − ०.०३ = ७.९६.

मामा मागून म्हणाले, "दोन उणे मिळून अधिक होतंय हे आम्हाला बी शिकवलंय, पर का होतंय?" प्रश्न रास्त होता. मी गुळाचा काटा सांगितला. रिकाम्या पारड्याला काटा उणे ३० ग्रॅम दाखवत असेल आणि ढेप ठेवल्यावर ९७० दाखवत असेल, तर ढेप किती? काट्याला आधी स्वतःची तीस ग्रॅमची तूट भरून काढून शून्यावर यावं लागलं, मग पुढे ९७०. ढेप एक किलोची. मामा लगेच म्हणाले, "म्हणजे गिऱ्हाईकाचा फायदा, दुकानदार बुडाला." मायक्रोमीटरचंही तेच होतं. शून्याच्या मागून निघालेलं उपकरण प्रत्येक वस्तू ०.०३ ने बारीक सांगत होतं, आणि आपला मुलगा आणखी ०.०३ ने बारीक लिहीत होता. चिन्ह उलटं लावलं की चूक जाग्यावर राहत नाही, दुप्पट होते. त्याने काहीच दुरुस्ती केली नसती, तर चूक निम्मी झाली असती.

आता सकाळचा ०.१० चा फरकही सुटला. व्हर्निअर ०.०४ ने जास्त सांगत होतं, मुलाचं मायक्रोमीटरचं माप ०.०६ ने कमी येत होतं, दोन्ही मिळून ०.१०. आणि दोन्हींची दुरुस्त मापं ८.०२ वर एकत्र आली. दोन उपकरणं वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या दिशांना चुकलेली, तरी दुरुस्तीनंतर एकाच ठिकाणी येतात, यापेक्षा चांगला पुरावा सहज मिळत नाही. तरी एक शंका उरतेच. शून्यावर −०.०३ चूक आहे म्हणून ८ मिमीवरही तितकीच असेल कशावरून? स्क्रूचा आटा मध्येच झिजलेला असेल तर नसेलही. शून्य बघून ते कळत नाही. शेजारच्या टूलरूममध्ये स्लिप गेजची, म्हणजे नेमक्या जाडीच्या ठोकळ्यांची, पेटी होती. ८ चा स्लिप गेज मायक्रोमीटरमध्ये धरला तर ७.९७. ५ चा धरला तर ४.९७. दोन्हीकडे चूक तीच, म्हणजे आटा ठीक, फक्त शून्य सरकलेला. आता −०.०३ ची दुरुस्ती निर्धास्त लावता येत होती.

७.९९ वाचतानाची एक गंमत जाता जाता सांगतो, कारण या पिनेवर ती हमखास येते. ७.९९ ला थिंबलची कड आठच्या रेघेला जवळजवळ टेकलेली असते आणि रेघ जाड असल्यामुळे ती दिसायला लागते. घाईत माणूस 'आठ दिसतंय, थिंबलवर ४९' म्हणून ८.४९ लिहितो. खरं वाचन असतं ७.५ अधिक ०.४९. थिंबल अजून शून्य ओलांडून गेलेलं नाही, मग आठ पूर्ण कसे होतील? मुलाने ही चूक वहीत एकदाही केली नव्हती. हात चांगला आहे त्याचा.

मायक्रोमीटरचा शून्य मागे गेला कसा, हे मामांनीच सांगितलं, आणि जरा नाखुशीने. महिन्याभरापूर्वी त्यांना बंद केल्यावर +०.०३ दिसलं होतं. त्यांनी डब्यातली वाकडी चावी काढली, स्लीव्हच्या भोकात अडकवली आणि स्लीव्ह फिरवून शून्य जुळवून टाकलं. तोंडं पुसली होती का? नाही. तिथे किटण असणार, ०.०३ जाडीचं. किटणासकट शून्य जुळवला गेला. पुढे कधीतरी कुणीतरी मायक्रोमीटर पुसलं आणि बंद केल्यावर ते किटणाच्या जाडीइतकं शून्याच्या मागे जाऊ लागलं. मामांच्या चावीने चांगलं उपकरण बिघडवलं होतं, आणि पुढे पुसणाऱ्याच्या स्वच्छतेने ते उघडं पडलं.

मुलगा चावी घेऊन लगेच शून्य जुळवायला निघाला, त्याला मी अडवलं. वहीतली सगळी वाचनं या सरकलेल्या शून्यावर घेतलेली होती. आधी परत आलेला माल त्याच शून्यावर मोजून जुन्या नोंदींशी ताडायचा, मग चावी. मध्येच शून्य बदलला तर जुन्या वहीचा अर्थ लावायला काही उरत नाही.

पंचवीस पिना काढल्या. प्रत्येक पिन आधी एका दिशेने आणि मग पाव फेरा फिरवून मोजली, अंडाकृती असेल तर कळावं म्हणून. तसं काही निघालं नाही. वाचनं ७.९८ ते ८.०१ यांत आली. मुलाच्या हिशोबाने ती ७.९५ ते ७.९८, म्हणजे सगळी हद्दीत, सगळी पास. खरी मापं ८.०१ ते ८.०४, म्हणजे सगळी जाड. लेथची सेटिंगही तो याच हिशोबाने करत होता, मधलं माप साधायला बघायचा आणि ते बरोबर साधायचा, फक्त ०.०६ वर. गेज एकाही पिनेला आत घेत नव्हतं यात काही नवल नाही.

नशीब इतकंच की चूक जाड बाजूला झाली. बारीक झालेली पिन भंगारात जाते, जाड पिनेतलं लोखंड काढता येतं. पण लेथवर ०.०३ चा कट घेणं शहाणपणाचं नाही, हत्यार नीट कापत नाही, घासतं. त्यामुळे माल सेंटरलेस ग्राइंडिंगला द्यायचं ठरलं. ७.९७ खरं माप हवं, म्हणजे या मायक्रोमीटरवर वाचन ७.९४ आलं पाहिजे, असं मुलाने स्वतः मोजून सांगितलं. या वेळी चिन्ह चुकलं नाही. वहीत त्याने तीन रकाने आखले: वाचन, शून्य त्रुटी चिन्हासकट, खरं माप. आधी दोनच होते, आणि वजाबाकी डोक्यातच होऊन जायची.

निघता निघता बाकाखाली लोखंडी डबा दिसला. त्यात चौदा पिना होत्या.

"या कसल्या?"

"भंगार सर. बारीक झालेल्या. पॉइंट नाइन थ्री, पॉइंट नाइन फोर आल्या, म्हणून मीच बाजूला काढल्या."

त्याने लिहिलेले ७.९३ आणि ७.९४, म्हणजे वाचन ७.९६ आणि ७.९७, म्हणजे खरं माप ७.९९ आणि ८.००. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. माल परत करणाऱ्यांनी खात्रीसाठी एक गेज सोबत पाठवलं होतं. मुलाने एकेक पिन लावायला सुरुवात केली. पहिली गेली. दुसरी गेली. चौदापैकी बारा पिना 'गो' बाजूने सरळ गेल्या आणि दुसऱ्या बाजूला अडल्या, जशा अडायला पाहिजेत. दोन राहिल्या, दोन्ही ८.०० च्या. घरामागे ०.०१ मोजणाऱ्या उपकरणावर ८.०० वाचलेली पिन ८.००३ ही असू शकते आणि ७.९९७ ही, त्याला इलाज नाही. त्या दोन ग्राइंडिंगच्या ढिगात टाकल्या.

मामांनी त्या बारा पिना फडक्याने पुसल्या, वेगळ्या पिशवीत भरल्या आणि पिशवीवर खडूने लिहिलं: 'पास'.